गॅलरीतला रंकाळा चित्रात आहे, जागेवर नाही

प्रश्न : वकीलसाहेब, रंकाळ्यामागच्या गल्लीत आम्हा दोघा भावांची 16 फ्लॅटची स्कीम चालू आहे, महारेरा नंबर आहे. जाहिरातीची चित्रं डिझायनरनं एआयवर बनवली. चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून समोर रंकाळा दिसतो असं त्यात आहे. खरं तर मध्ये शेजारची इमारत आणि तिच्यावरची टाकी येते. चार जणांनी एकेक लाख देऊन बुकिंग केलंय. चित्राच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘कलात्मक चित्र’ लिहिलंय. तेवढं पुरे आहे का?

उत्तर : नाही, पुरे नाही. त्या ओळीवर भिस्त ठेवून राहिलात तर पुढे जास्त अडचणीत याल, म्हणून आधी तिचंच बोलतो.

‘चित्र संगणकावर बनवलंय’ हे सांगणं वेगळं आणि ‘चित्रातलं दृश्य खरं नाही’ हे सांगणं वेगळं. ‘कलात्मक’ म्हटल्यावर गिऱ्हाईक काय समजतं? सोफा, पडदे, कुंड्या कल्पनेतल्या असतील. समोरची इमारतच पुसून टाकलीय, हे त्याच्या मनातही येत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत केंद्राची 2022 ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. खुलासा मूळ दाव्याच्या उलट जाणारा नसावा आणि महत्त्वाची माहिती दडवण्यासाठी वापरलेला नसावा, असा त्यांचा रोख आहे. तुमचा दावा ‘रंकाळा दिसतो’ हा आहे. तो खोटा असेल तर कुठल्याही आकाराचं अक्षर त्याला खरा करत नाही.

‘आम्ही शब्दात कुठे लिहिलं?’ असा बचाव बरेच जण करतात. रेरा कायद्यात तो टिकणं कठीण आहे. कलम 7 मध्ये अनुचित प्रथा सांगताना लेखी विधानाबरोबर दृश्य स्वरूपातलं सादरीकरणही धरलंय. जाहिरातीची व्याख्याही कुठल्याही माध्यमातल्या प्रसिद्धीपर्यंत जाते, म्हणजे तुम्ही व्हॉट्सअॅपवर फिरवलेलं चित्रही त्यात येतं.

पैशाचा प्रश्न कलम 12 मध्ये आहे. जाहिरातीतल्या चुकीच्या माहितीवर विसंबून कुणी आगाऊ रक्कम दिली आणि त्याचं नुकसान झालं, तर भरपाई बिल्डरनं द्यायची. त्याला बाहेर पडायचं असेल तर सगळी रक्कम व्याजासह परत आणि वर भरपाई. विसंबून पैसे दिले आणि नुकसान झालं, हे त्याला दाखवावं लागेल. पण त्याच्या मोबाइलमध्ये तुमचं चित्र आहे आणि गॅलरीत उभं राहून काढलेला फोटोही असेल, तेव्हा ते फार अवघड नाही.

आज एका बुकिंगचा तिढा एक लाख आणि थोड्या व्याजात सुटतो. महाराष्ट्रात हे व्याज स्टेट बँकेच्या एमसीएलआर या कर्जाच्या पायाभूत दरांपैकी सर्वाधिक दरावर आणखी 2 टक्के असं धरतात. हाच माणूस करार करून, कर्ज काढून 20 लाख भरून बसला आणि दोन वर्षांनी ताब्याच्या वेळी टाकी बघून भांडला, तर? समजा दर 11 टक्के धरला, तर व्याजच 4 लाख 40 हजार. भरपाई वेगळी.

म्हणून याच आठवड्यात हे करा. चौथ्या मजल्याचा स्लॅब झालेला असेल तर गॅलरीच्या जागी कठड्याशी उभे राहा, मोबाइल डोळ्यांच्या उंचीवर धरा आणि झूम न करता समोरचा फोटो काढा. टाकी येऊ दे. जुनं चित्र सगळीकडून काढा, एजंटांनाही लेखी कळवा. मग चौघांनाही एकेक पत्र द्या : अमुक चित्रात रंकाळा दाखवला होता, प्रत्यक्षात हे दिसतं, फोटो सोबत आहे, बुकिंग रद्द करायचं असल्यास पूर्ण रक्कम व्याजासह परत करू. पोच घ्या. कोण राहील, कोण जाईल हे त्यांना ठरवू द्या. माझ्या अनुभवात आधी खरं सांगणाऱ्याकडे लोक थांबतात, पण थांबले नाहीत तरी हे करावंच लागेल.

नवीन चित्रं एआयवर बनवायला कायद्याची मनाई नाही. मात्र इमारतीचा आकार मंजूर नकाशातला हवा आणि फरशी, नळ, दरवाजे करारातल्या यादीप्रमाणे हवेत. करारात व्हिट्रिफाइड टाइल असेल तर चित्रात संगमरवर नको. खिडकीबाहेर तुम्ही काढलेला खरा फोटोच बसवा. शेजारचा मोकळा प्लॉट दुसऱ्याचा असेल तर त्यावर बाग उगवू नका. आपल्या गावात 2019 आणि 2021 चा पूर लोकांच्या डोळ्यांसमोर आहे, तेव्हा पाणी येणारी जागा हिरवळ म्हणून दाखवणं तर अजिबात नको.

खुलासा चित्रावरच, जाहिरात मराठीत असेल तर मराठीत आणि वाचता येईल एवढा लिहा : ‘संगणकनिर्मित चित्र. फर्निचर विक्रीत समाविष्ट नाही. बाहेरचं दृश्य चौथ्या मजल्यावरून घेतलेल्या फोटोवरून.’ खालच्या पट्टीत टाकलात तर फॉरवर्ड करताना कुणीतरी ती कापतं, म्हणून चित्राच्या आत घ्या. महारेरा क्रमांक, संकेतस्थळ आणि क्यूआर कोड जाहिरातीत हवेतच.

करारात ‘जाहिरातीतली चित्रं बंधनकारक नाहीत’ असं कलम घालायचा विचार असेल तर सोडून द्या. कलम 12 नं दिलेला हक्क छापील ओळीनं काढून घेता येईल, असं मला वाटत नाही. पत्रांचा मसुदा पाठवण्याआधी एकदा मला दाखवा.