डावं-उजवं उलटं होत नव्हतं, नियम चुकीच्या जागी लागत होता

"मॅडम, मज्जारज्जू अर्धा कापला गेला तर काय होतं त्याचं, म्हणजे हेमिसेक्शनचं टेबल मी वीसेक वेळा लिहून काढलंय, झोपेत विचारलं तरी सांगेन, पण पेपरात केस आली की बाजू उलटी होते. एकाच प्रश्नात दोन पाय वेगवेगळं सांगतात तेव्हा तर हातच थांबतो. मला डावं-उजवंच कळत नाही का? माझ्या डोक्यातच काही गडबड आहे का?"

फर्स्ट इयरचा मुलगा होता हा, सेकंड इंटर्नलच्या आधी आलेला. मी अ‍ॅनाटॉमी शिकवते आणि कॉलेजात मुलांची मेंटॉर म्हणूनही बसते. एकट्या न्यूरोअ‍ॅनाटॉमीपायी दरवर्षी चार-पाच मुलं तरी हा प्रश्न घेऊन येतात, शब्द थोडे इकडेतिकडे एवढंच.

मी त्याला आधी काहीच समजावलं नाही. त्याने सोडवलेले सगळे प्रश्न आणायला सांगितले, चुकलेले पण आणि बरोबर आलेले पण. कारण खरंच डावं-उजवं कळत नसेल तर चुका कशाही पडायला हव्यात ना, कधी इकडे कधी तिकडे. त्याच्या तशा नव्हत्या. प्रश्नात वेदना किंवा तापमान एवढंच दिलेलं असलं, म्हणजे 'उजव्या पायाला टाचणी कळत नाही, इजा कुठल्या बाजूला', तर त्याचं उत्तर दरवेळी बरोबर. आणि प्रश्नात पायातली कमजोरी किंवा ट्यूनिंग फोर्कचं कंपन असलं की दरवेळी चूक, एकही अपवाद नाही. मी त्याला म्हटलं, अरे हे बघ, गोंधळलेला माणूस इतक्या शिस्तीत चुकत नाही, तू कुठलातरी एक नियम अगदी प्रामाणिकपणे सगळीकडे लावतोयस.

नियम कुठला ते दोन मिनिटांत सापडलं. 'मेंदूची डावी बाजू शरीराची उजवी बाजू सांभाळते, म्हणून लक्षण जिथे असेल त्याच्या उलट बाजूला इजा.' स्ट्रोकच्या पेशंटला हे लागू पडतं आणि तिथेच तो ते शिकला होता. पण हेमिसेक्शनमध्ये सुरी मेंदूत नाही, मज्जारज्जूत शिरलेली असते, तिथे हा नियम फक्त वेदनेपुरता खरा ठरतो, आणि तोही वेगळ्याच कारणाने. म्हणून केसमध्ये वेदना आणि कमजोरी दोन्ही दिलेल्या असल्या की त्याचा नियम एकदा डावी बाजू सांगायचा, एकदा उजवी, आणि तिथेच हात थांबायचा. त्याला वाटायचं आपण घाबरतो म्हणून चुकतो. क्रम उलटा होता, आधी नियम अडकायचा आणि मग तो घाबरायचा.

मग टेबल बाजूला ठेवलं आणि कोऱ्या कागदावर मध्ये एक उभी रेघ मारली, डावा अर्धा रज्जू आणि उजवा अर्धा, वर मेड्युलाचा गोळा. पोरगा कल्याणचा, म्हणून मी लोकलचीच भाषा वापरली. तीन धागे म्हणजे तीन प्रवासी, आणि प्रत्येकाला कुठेतरी पूल चढून पलीकडच्या प्लॅटफॉर्मवर जायचंच आहे. बघायचं एवढंच की पूल कोण कुठल्या स्टेशनवर चढतो.

वेदना आणि तापमान, म्हणजे स्पायनोथॅलॅमिक ट्रॅक्ट, आपल्याच स्टेशनावर पूल चढतो. पायातून आलेला पहिला न्यूरॉन रज्जूत शिरतो, एक-दोन सेगमेंट वर सरकतो, मागच्या हॉर्नमध्ये सायनॅप्स करतो, तिथून निघालेला दुसरा न्यूरॉन अँटीरियर व्हाइट कमिशरमधून लगेच पलीकडे जातो आणि मग पलीकडच्या बाजूनेच वर जातो. कंपन, सांध्याची स्थिती आणि बारीक स्पर्श यांचा धागा, म्हणजे डॉर्सल कॉलम, रज्जूत पूल चढतच नाही, आपल्याच बाजूने सरळ मेड्युलापर्यंत जातो, ग्रॅसाइल किंवा क्युनिएट न्यूक्लियसला सायनॅप्स करतो आणि मगच ओलांडतो. हालचालीचा धागा, लॅटरल कॉर्टिकोस्पायनल, वरून खाली येतो, पण त्याने मेड्युलाच्या खालच्या भागात, पिरॅमिडल डिकसेशनला, आधीच पूल ओलांडलेला असतो, त्यामुळे रज्जूत उतरताना तो ज्या स्नायूंकडे जायचा त्यांच्याच बाजूला असतो.

आता मी त्याला एकच प्रश्न दिला आणि म्हटलं प्रत्येक केसला हाच विचार, दुसरा काही नाही: सुरी लागली त्या जागी हा धागा कुठल्या बाजूच्या पायाचा आहे? डॉर्सल कॉलमचा धागा अजून ओलांडलाच नाही, म्हणून त्याच बाजूच्या पायाचा. कॉर्टिकोस्पायनल वरती ओलांडून आलाय, म्हणून तोही त्याच बाजूच्या पायाचा. वेदनेचा धागा खाली ओलांडून वर चाललाय, म्हणजे तो पलीकडच्या पायाचा. तिघांपैकी दोन एका बाजूला आणि एक दुसऱ्या बाजूला, हे टेबल न बघता कागदावरून निघतं. आणि हे असं होतं कारण तिन्ही पूल वेगवेगळ्या ठिकाणी आहेत, कुणी पाठ करायला दिलं म्हणून नाही.

(अर्धा रज्जू कापल्यावर दिसणाऱ्या या सिंड्रोमला ज्यांचं नाव आहे ते ब्राउन-सेकार, जन्म १८१७, मॉरिशसचे. त्यांनी प्राण्यांचा अर्धा रज्जू कापून दाखवून दिलं की शरीराच्या काही संवेदना रज्जूतच ओलांडतात. त्यांच्या आधी बऱ्याच जणांना वाटायचं की सगळ्या संवेदना मागच्या कॉलममधून सरळ वर जातात. हे त्याला सांगितल्यावर तो जरा सैल झाला, कारण त्या काळातल्या मोठमोठ्या माणसांची गाडीही याच प्रश्नावर अडली होती.)

मग केस घेतली. सव्वीस वर्षांचा माणूस, पाठीत सुऱ्याचा वार, आठवडे उलटल्यावर तपासलाय. डावा पाय कडक आणि कमजोर, डावा गुडघ्याचा जर्क वाढलेला, डाव्या तळव्याला बॅबिन्स्की. डाव्या घोट्यावर कंपन कळत नाही. उजव्या पायाला टाचणी आणि गरम-थंड कळत नाही, ते अगदी जांघेच्या जरा वरपर्यंत, म्हणजे साधारण टी-१२ पासून खाली. शिवाय डावीकडे बेंबीच्या पातळीला एक अरुंद पट्टा, तिथे कुठलाच स्पर्श नाही.

आता तो बोलायला लागला. डाव्या पायाची हालचाल गेली, त्या जागी तो धागा डाव्या पायाचा, म्हणजे सुरी डावीकडे. डावं कंपन गेलं, तेही डावीकडेच. उजवी वेदना गेली, ओलांडून आलेला धागा डावीकडे कापला गेला, परत डावीकडेच. तिन्ही साक्षीदार एकच बाजू सांगताहेत म्हटल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला अजून आठवतं.

पण पातळी विचारली तर पट्कन म्हणाला, टी-१२. आणि हीच दुसरी चूक मुलं सर्रास करतात. मी बोट पट्ट्यावर ठेवलं. बेंबी म्हणजे टी-१० चा डर्मॅटोम, तिथे डाव्या बाजूच्या सगळ्याच संवेदना गेल्यात कारण कापलेल्या सेगमेंटमध्ये येणारी मुळंच उद्ध्वस्त झालीत. इजा टी-१० ला. मग उजवीकडची वेदना टी-१० पासून न जाता एक-दोन सेगमेंट खालून का जाते? कारण वेदनेचा धागा तिरका वर चढत ओलांडतो. उजवीकडून टी-१० ला शिरलेला धागा पलीकडे पोचेपर्यंत सुरीच्या वर निघून जातो, वाचतो. टी-१२ च्या सुमाराला शिरलेला मात्र पलीकडे पोचतो तोच नेमका सुरीखाली सापडतो. म्हणून पातळी सांगताना त्याच बाजूचा पट्टा बघायचा, पट्टा दिलाच नसेल तर पलीकडच्या वेदनेच्या वरच्या कडेपासून एक-दोन सेगमेंट वर जायचं.

स्पर्शावरही तो अडखळला, आणि तिथे प्रश्नाचेच शब्द नीट वाचायला हवेत. प्रश्नात नुसतं 'स्पर्श' लिहिलं असेल तर विचार करा कुठला स्पर्श. दोन टोकं वेगळी ओळखणं, हातात ठेवलेली वस्तू न बघता सांगणं हा डॉर्सल कॉलमचा कारभार, तो त्याच बाजूला जातो. कापसाचा ढोबळ स्पर्श मात्र दोन्ही वाटांनी जातो, एक त्या बाजूने आणि एक ओलांडून, म्हणून अर्धा रज्जू कापला तरी तो बराचसा टिकतो. पर्यायात 'उजवीकडे सर्व प्रकारचा स्पर्श गेला' असं असेल तर तो पर्याय बाद.

अजून एक. केसमध्ये 'तासाभरात आणलेला' किंवा 'दुसऱ्याच दिवशी' असे शब्द असतील तर डावा पाय कडक नाही, ढिला आणि जर्क नसलेला मिळेल, कारण स्पायनल शॉक. अप्पर मोटर न्यूरॉनची लक्षणं दिवस-आठवड्यांनी उभी राहतात. त्याला वाटलं होतं की ढिला पाय म्हणजे लोअर मोटर न्यूरॉन, म्हणजे इजा आणखी खाली. लोअरची खरी जागा फक्त कापलेल्या सेगमेंटपुरती असते. टी-१० ला ती पोटाच्या स्नायूंच्या छोट्या तुकड्यात असते, तपासताना सहसा सापडतच नाही, म्हणून प्रश्नकर्ते बऱ्याचदा मानेतली केस देतात.

आठवड्याने तो परत आला तेव्हा मी तशीच दिली. उजव्या हाताचे छोटे स्नायू सुकलेत, उजवा पाय कडक, उजवीकडे कंपन नाही, डावीकडे छातीच्या वरच्या भागापासून खाली टाचणी नाही पण डाव्या हाताला टाचणी कळते. त्याने आधी हाताचे स्नायू बघून सी-८ आणि टी-१ म्हटलं, मग पाय बघून उजवी बाजू, मग स्वतःच थांबून विचारलं, डाव्या हाताची वेदना का वाचली? पुढे मी काही बोलायच्या आत त्याने कागदावर तिरका धागा काढला, डाव्या सी-८ ला शिरलेला, उजवीकडे पोचेपर्यंत सुरीच्या वर गेलेला.

जाता जाता म्हणाला, "मॅडम, या पेशंटची उजवी पापणी पण खाली आलेली असेल का, बाहुली पण लहान?" मी विचारलं का वाटलं. तर म्हणे डोळ्याचा सिम्पथेटिक धागा वरून त्याच बाजूने उतरतो आणि टी-१ च्या सुमाराला बाहेर पडतो, वाटेतच सुरी आहे. यालाच हॉर्नर सिंड्रोम म्हणतात, आणि तो मी त्याला सांगितलाच नव्हता.