व्हिनेगरला मिथिल ऑरेंज का चालत नाही: आकडे मांडून बघू

प्रश्न: एसवायला आहे. HCl–NaOH ला सर म्हणतात कुठलाही इंडिकेटर घ्या, व्हिनेगरला मात्र फिनॉल्फथॅलिनच हवं. रेंज पाठ आहेत पण कारण डोक्यात शिरत नाही. कॅल्क्युलेशन पण कोणीतरी पूर्ण करून दाखवा प्लीज.

उत्तर:

रेंजचा तक्ता जरा बाजूला ठेव, आधी फ्लास्कमध्ये शेवटच्या एक-दोन थेंबांत pH चं काय होतं ते बघू, कारण इंडिकेटरला अ‍ॅसिड संपलं की नाही हे कळत नाही, त्याला फक्त pH कळतो. त्यामुळे ज्या pH ला अ‍ॅसिड नेमकं संपतं तिथेच ज्याचा रंग बदलतो तो इंडिकेटर घ्यायचा.

समज १० मिली व्हिनेगर १०० मिलीच्या स्टँडर्ड फ्लास्कमध्ये डायल्यूट केलं, त्यातलं २५ मिली पिपेट केलं, ब्युरेटमध्ये ०.१ M NaOH, आणि रीडिंग आली १८.६, १८.५, १८.५. म्हणजे सीबीआर १८.५ मिली. अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड आणि NaOH चं प्रमाण एकास एक आहे, म्हणून:

NaOH चे मिलिमोल = ०.१ × १८.५ = १.८५
डायल्यूट केलेलं अ‍ॅसिड = १.८५ ÷ २५ = ०.०७४ M
मूळ व्हिनेगर = ०.०७४ × १० = ०.७४ M
ग्रॅम प्रति लिटर = ०.७४ × ६०.०५ = ४४.४, म्हणजे १०० मिलीत ४.४४ ग्रॅम

दहाने गुणायचं बरेच जण विसरतात आणि व्हिनेगर ०.४४ टक्के काढून मोकळे होतात. बाजारातलं व्हिनेगर साधारण ४-५ टक्के असतं हे लक्षात असलं की अशी चूक लगेच दिसते.

आता खरा मुद्दा. १८.५ मिलीला सगळं अ‍ॅसिड संपून फक्त सोडियम अ‍ॅसिटेट उरतं, आणि अ‍ॅसिटेट स्वतः थोडा बेस आहे, त्यामुळे pH ७ येत नाही. एकूण व्हॉल्यूम ४३.५ मिली, म्हणून अ‍ॅसिटेट = १.८५ ÷ ४३.५ = ०.०४२५ M. Ka १.८ × १०⁻⁵ धरला तर Kb = ५.५६ × १०⁻¹⁰.

[OH⁻] = √(५.५६ × १०⁻¹⁰ × ०.०४२५) = ४.८६ × १०⁻⁶
pOH = ५.३१, pH = ८.६९

थेंब साधारण ०.०५ मिलीचा असतो. एक थेंब आधी, १८.४५ ला, ०.००५ मिलिमोल अ‍ॅसिड उरलेलं असतं, हेंडरसनच्या सूत्राने pH = ४.७४ + log(१.८४५ ÷ ०.००५) = ७.३१. एक थेंब जास्त पडला तर NaOH उरतं, pH जातो १०.०६ वर. म्हणजे दोन थेंबांत ७.३ वरून १०.१, आणि फिनॉल्फथॅलिनची ८.२ ते १० ही रेंज बरोबर या उडीत बसते, म्हणून ते एका थेंबात गुलाबी होतं.

मिथिल ऑरेंज ३.१ ते ४.४ मध्ये बदलतं. pH ४.४ ला अ‍ॅसिटेट आणि अ‍ॅसिडचं गुणोत्तर १०^(४.४ − ४.७४) म्हणजे सुमारे ०.४५ येतं, म्हणजे जेमतेम ३१ टक्के अ‍ॅसिड संपलेलं! ब्युरेटवर ते ५.८ मिलीच्या आसपास. बरं, रंगही एकदम बदलत नाही, सुरुवातीपासून पाच-सहा मिली लाल-नारिंगी-पिवळं असं रेंगाळत राहतो, कारण तिथे बफर तयार झालेला असतो आणि pH हळूहळू सरकतो. तिथे थांबलास तर व्हिनेगर १.४ टक्के येईल. कुठे थांबायचं हेच ठरत नसेल आणि प्रत्येक रीडिंग वेगळं येत असेल तर समजायचं की इंडिकेटर चुकलाय.

HCl ला हा त्रास नाही, कारण ०.१ M ला एक थेंब आधी pH ४ आणि एक थेंब नंतर १०, इतक्या मोठ्या उडीत फिनॉल्फथॅलिन तर बसतंच, मिथिल ऑरेंजही थेंबाभराच्या फरकात निभावून नेतं. पण द्रावण खूप डायल्यूट केलं की ही उडी लहान होते, मग तिथेही "कुठलाही" चालत नाही. अमोनिया–HCl ला उलटं, शेवटी अमोनियम क्लोराइड उरतं, pH ७ च्या खाली, तिथे मिथिल रेड घे.

प्रॅक्टिकलला दोन गोष्टी सांभाळ. NaOH चे पेलेट्स हवेतलं पाणी आणि CO₂ ओढतात, त्यामुळे वजन करून ०.१ M म्हणण्यात अर्थ नाही, आधी ऑक्झॅलिक अ‍ॅसिडने स्टँडर्डाइज कर आणि जी मोलॅरिटी येईल ती वरच्या पहिल्या ओळीत टाक. आणि गुलाबी रंग फिका हवा, हलवल्यावर अर्धा मिनिट टिकला की रीडिंग घे. त्यानंतर तो हळूहळू उडतो तो हवेतल्या CO₂ मुळे, अ‍ॅसिड शिल्लक आहे म्हणून नाही, त्यामुळे त्याच्या मागे लागून अजून NaOH टाकत बसू नकोस.