भडंगाच्या पाकिटावर ‘चटका’ लिहावं का?

“आम्ही घरी भडंग करून विकतो. आजवर सांगली-मिरजेपुरतं होतं, आता पाकिटावर नाव छापून बेळगाव आणि पुण्याला पाठवायचंय. ‘चटका’, ‘चटक’, ‘खुसखुस’ आणि ‘खमंग’ ही नावं सुचलीत. कानाला कशी वाटतात, इंग्रजीत स्पेलिंग काय करावं आणि भलताच अर्थ तर निघत नाही ना, सांगाल का?”

‘चटका’ मी आधीच बाजूला ठेवीन. तिखटाचा चटका तुमच्या डोक्यात आहे हे कळतं, पण मराठी माणूस हा शब्द सर्वांत जास्त कुठं वाचतो? निधनाच्या बातमीत. ‘मनाला चटका लावून गेले’ हे वाक्य इतकं रुळलंय की पाकीट हातात घेताना ते कुठूनतरी आठवणारच. शिवाय चटका म्हणजे भाजणं, आणि ते तव्याचं असतं, खाण्याचं नव्हे.

‘चटक’ अर्थानं खूपच बरं. चटक लागते, माणूस परत पुडा मागतो. अडचण आहे ती लिहिण्यात. आपला हा च दातांमागचा, चटणी-चकलीतला. चिवडा-चिंचेतला च वेगळा. रोमन लिपीत दोन्हींना ch च लागतो. ट आणि त दोघांनाही t. अ की आ, तेही a वरून कळत नाही. मी Chatak असं एका चिठ्ठीवर लिहून घरात फिरवलं. आईनं ‘चटक’ वाचलं, भाचीनं ‘चातक’, आणि हिंदी माध्यमात शिकलेल्या शेजाऱ्यानं सरळ ‘छटाक’. म्हणजे एकाला तहानलेला पक्षी दिसला आणि दुसऱ्याला जुनं माप. ट नीट वाचला जावा म्हणून काही जण tt लिहितात. ते बेळगावसाठी करू नका. कन्नडमध्ये ‘चट’ म्हणजे वाईट सवय, व्यसन. इथवर आपल्या चटकेशी जुळतं. पण ट दुप्पट झाला की ‘चट्ट’, म्हणजे तिरडी.

यातून एक कामाची गोष्ट हाती लागते. च नंतर इ, ई किंवा ए आला की तो बहुधा चिवड्यातलाच च असतो, तिथं दोन उच्चारांचा घोळ होत नाही. च हवाच असेल तर ‘चि’ किंवा ‘चे’ पासून शोधा. आणि ळ शक्यतो टाळा. Misal हे अनोळखी माणूस ‘मिसाल’ वाचतो, त्यात त्याची चूक नाही.

‘खुसखुस’ला माझा आक्षेप वेगळा आहे. मराठीत कुरकुरीतपणाच्या जाती आहेत, आणि खाणारा त्या न शिकवता ओळखतो. करंजी, शंकरपाळे खुसखुशीत: दाताखाली हलकेच विरघळतात, शब्दातही ख, स, श अशी नुसती हवा आहे. चकली कुरकुरीत: तिथं क आणि र तुटल्याचा आवाज करतात. भडंग चुरचुरीत. भडंगाला खुसखुशीत म्हटलं की मला तरी ते सादळलेलं वाटतं. त्यात Khuskhus हे कुणी ‘खसखस’ वाचणार, कुणाला वाळ्याचं सरबत आठवणार. ‘खुसखुसणं’ म्हणजे दबक्या आवाजात हसणं, हा अर्थ तर आधीपासूनच आहे.

मग ‘चुरचुर’ का नको? कारण जखम चुरचुरते, डोळे चुरचुरतात. ‘-ईत’ लावलं की चविष्ट आणि काढलं की दुखणं, अशी ही गंमत आहे. ‘कुरकुर’चंही तसंच, ती तक्रार होते. आणि ‘कुरकुरे’ १९९९ पासून बाजारात आहे, त्याच्या आसपासचं नाव घेतलंत तर नोंदणीला हरकत आलीच म्हणून समजा.

‘खमंग’ कानाला चौघांत सर्वांत छान. Khamang वाचायलाही सोपं. पण ते मालाचं वर्णन आहे. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यातलं कलम ९ अशा वर्णनपर शब्दावर एकाला हक्क द्यायला सहसा तयार नसतं, आणि ते रास्तच आहे. उद्या शेजारच्यानं ‘खमंग भडंग’ छापलं तर तुम्ही त्याला कसं अडवणार?

विशेषणं सोडा आणि भडंग करताना-खाताना हातात काय असतं ते आठवा. मी अशी यादी केली: परात, पुडी, मूठ, चिमूट, फक्का, बकाणा. ‘परात’ Parat लिहिली की ‘परत’ होते, विक्रेत्याला हा शब्द नको असतो. ‘पुडी’ पुण्यात चालेल, पण कन्नडमध्ये पुडी म्हणजे पूड, चटणीपुडीतली. चुरमुऱ्याच्या पाकिटावर ‘पूड’ वाचून कोण घेईल? ‘मूठ’ मराठीत करणीची मूठ आठवून देते आणि हिंदीत पोरं का हसतील ते इथं लिहीत नाही. ‘चिमूट’चा च निर्धोक आहे, शेवटचा ट छान तुटतो, पण अर्थ पडला चिमूटभर! गिऱ्हाईक म्हणेल, पैसे घेऊन एवढंसंच दिलं. ‘फक्का’ रोमनमध्ये लिहून मोठ्यानं वाचा, कॉलेजच्या पोरांसमोर वाचू नका.

उरला ‘बकाणा’. कोरडं खाणं तोंड भरून घेतलं की तो बकाणा, आणि चुरमुऱ्याइतका तो दुसऱ्या कशाला शोभत नाही. ब आणि क ओठांवर-घशात आपटतात, मग दोनदा आ, म्हणजे तोंड उघडावंच लागतं. Bakana मध्ये ण चा न होतो, पण दुसरा कुठला शब्द तयार होत नाही. हिंदी कानाला ‘बकना’, म्हणजे बडबडणं, जवळचं वाटेल; ते बोचत नाही. थोडा हावरटपणाचा वास आहे, शिष्ट घरांत ‘बकाणे भरू नकोस’ म्हणतात. तिखट भडंगाला तो मला चालतो, दिवाळीच्या भेटवस्तूच्या डब्याला चालला नसता. काही ठिकाणी ‘बोकाणा’ म्हणतात, तेव्हा पाकिटावर एकच रूप ठरवून टाका.

छापण्याआधी दोन परीक्षा घ्या. पहिली फोनवरची: ओळखीच्या दहा जणांना नाव एकदाच सांगा आणि त्यांनाच देवनागरीत आणि रोमनमध्ये लिहून पाठवायला सांगा. तीनपेक्षा जास्त निराळी स्पेलिंगं आली तर गिऱ्हाईक तुम्हाला मोबाइलवर शोधू शकणार नाही. त्या दहांत बेळगावचे दोन कन्नड बोलणारे दुकानदार असू द्या, आणि त्यांना ‘आवडलं का’ असं विचारू नका. ‘हे ऐकून काय आठवलं’ असं विचारा. आवडलं का म्हटल्यावर माणूस भिडेखातर हो म्हणतो.

दुसरी, ट्रेडमार्क नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावरचा शोध. तिथं Wordmark बरोबर Phonetic हा पर्यायही आहे, तोच मुख्य, कारण Bakaana किंवा Bakkana असं कुणी आधीच घेतलं असेल तर सरळ शोधात ते निसटू शकतं. भडंग धान्याचं म्हणून वर्ग ३० बघा, आणि तळलेले शेंगदाणे, बटाट्याचे वेफर्सही पुढं विकणार असाल तर वर्ग २९ पण. तिथं काही सापडलं तर मला कळवा, यादीत ‘घास’ अजून शिल्लक आहे; फक्त Ghas लिहिलं की हिंदी माणूस गवत वाचतो.