अध्वदर्शक स्वर : वाट दाखवणारा मध्यम

प्रश्न : "रागांच्या वेळांविषयी वाचताना मध्यमाला 'अध्वदर्शक स्वर' म्हटलेले आढळले. या शब्दाचा अर्थ काय, आणि एकट्या मध्यमावरून रागाची वेळ कशी कळते?"

'अध्वन्' म्हणजे वाट, रस्ता. वाटसरूला संस्कृतात 'अध्वग' म्हणतात, तसा 'अध्वदर्शक' म्हणजे वाट दाखवणारा, आपल्या रोजच्या मराठीत वाटाड्या. पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी मांडलेल्या समयविचारात ही संज्ञा येते. वाळकेश्वरी जन्मलेल्या (1860) या मुंबईकर वकिलाने प्रचारातले राग अनेक घराण्यांच्या गायकांकडून ऐकून, टिपून घेतले आणि त्यांच्या वेळांमागे काही सूत्र दिसते का हे तपासले. हे सूत्र त्यांनी रूढ गायनातून काढले होते, हे ध्यानात ठेवले तर पुढचे अपवाद खटकत नाहीत.

मध्यमाचे हे काम सर्वांत स्वच्छ दिसते ते संधिप्रकाश रागांत, म्हणजे सूर्योदयाच्या आणि सूर्यास्ताच्या सुमारास गायल्या जाणाऱ्या रागांत. कोमल रिषभ आणि शुद्ध गांधार ही त्यांची मुख्य खूण. पण दिवसात संधिकाल दोन आहेत आणि ही खूण दोन्हींकडे सारखीच आहे. तेव्हा पहाट की सांज, हे सांगायला मध्यम पुढे येतो. शुद्ध मध्यम प्रबळ असेल तर राग बहुधा सकाळचा, तीव्र मध्यम प्रबळ असेल तर बहुधा संध्याकाळचा.

घरी पेटी असेल तर हे हाताने करून पाहावे. काळी एक हा षड्ज धरला, तर भैरवाचे षड्ज, मध्यम आणि पंचम काळ्या पट्ट्यांवर येतात आणि कोमल रिषभ, शुद्ध गांधार, कोमल धैवत व शुद्ध निषाद हे चारही पांढऱ्या पट्ट्यांवर. आता इतर बोटे जागच्या जागी ठेवून फक्त मध्यमाचे बोट काळी तीनवरून तिच्या लगतच्या वरच्या पांढऱ्या पट्टीवर न्यावे. हे पूरिया धनाश्रीचे स्वर झाले. सहा स्वर तेच राहिले, सातवा एका पट्टीने सरकला आणि सकाळची संध्याकाळ झाली.

एवढ्याने इतका फरक का पडतो, याचे उत्तर मध्यमाच्या षड्जाशी असलेल्या नात्यात आहे. शुद्ध मध्यम षड्जाशी संवाद करतो, दोघांच्या कंपनसंख्यांचे प्रमाण 4:3 असते. म्हणून भैरवात गायक मध्यमावर निश्चिंत थांबतो आणि तिथून आंदोलित रिषभावरून षड्जावर उतरतो. तीव्र मध्यमाला तो आधार नाही. त्यावर ठेवलेला आवाज पंचमाकडे ओढला जातो किंवा गांधाराकडे परततो, आणि पूरिया धनाश्रीतली हुरहूर मला तरी या अस्थिरपणातूनच येते असे वाटते. मात्र या अस्थिरपणाचा सूर्यास्ताशी निसर्गसिद्ध संबंध आहे, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. कर्नाटक पद्धतीत भैरवाचेच स्वर मायामाळवगौळ या पंधराव्या मेळात आहेत आणि नवशिक्यांचे पहिले पाठ त्यातच, कोणत्याही वेळी, दिले जातात. एक्कावन्नावा मेळ कामवर्धिनी. त्यात फरक पडतो तो केवळ तीव्र मध्यमाचा, पण तिथे त्या फरकातून घड्याळ निघालेले नाही. आपल्याकडे पिढ्यानपिढ्या ठरावीक वेळी ठरावीक स्वर ऐकून कानाला ते वळण लागले आहे.

आता हा वाटाड्या कुठे चुकवतो ते पाहू. तोडीत मध्यम तीव्र असूनही राग सकाळचा आहे. पण तिथे गांधार कोमल असल्यामुळे तो संधिप्रकाश वर्गात बसत नाही. उलट मालकंस आणि बागेश्री शुद्ध मध्यमाचे असून रात्रीचे आहेत. म्हणजे आधी रिषभ-गांधार पाहावेत, मग मध्यम.

त्याहून सूक्ष्म उदाहरण सोहनीचे आहे. मारवा आणि सोहनी यांचे स्वर एकच, दोन्हींत मध्यम तीव्र आणि पंचम वर्ज्य; तरी मारवा सूर्यास्ताचा आणि सोहनी रात्रीच्या शेवटच्या प्रहराची. इथे मध्यमावरून काहीच कळत नाही, गाण्याचा भर कुठे आहे ते ऐकावे लागते. मारवा मध्य सप्तकात कोमल रिषभ आणि धैवत यांभोवती घोटाळत राहतो आणि षड्जावर यायला मुद्दाम उशीर करतो. सोहनी तार षड्जाकडे झेपावते, तिथेच खेळते आणि खाली फारशी रेंगाळत नाही. भातखंड्यांच्या परिभाषेत पहिला पूर्वांगप्रधान, म्हणजे सप्तकाच्या खालच्या अर्ध्यावर भर असलेला, आणि दुसरी उत्तरांगप्रधान, म्हणजे वरच्या अर्ध्यावर भर असलेली. त्यांच्या मांडणीत दुपारी बारा ते मध्यरात्री बारा हा पूर्वांगाचा काळ आणि उरलेला उत्तरांगाचा. तीव्र मध्यमाचा अंमल सांजेपासून पहाटेच्या तोंडापर्यंत चालतो, म्हणून तो सोहनीतही भेटतो. मग ललितात दोन्ही मध्यम एकमेकांना लागून येतात आणि भैरवापाशी शुद्ध मध्यम एकटा उरतो.