सिंगापूर: रोजावर गेलं तर सुट्टीचे पैसे मिळतात का?

"दादा, सिंगापूरला दोन ठिकाणी जमतंय. एक महिन्याला 1,560 डॉलर, दुसरं रोजावर, दिवसाला 60. आठवड्याला सहा दिवस काम. रोजावर गेलो तर सणाच्या सुट्ट्यांचे पैसे बुडतात का? आणि सुट्टीला कामावर बोलावलं तर काय मिळतं?"

बुडत नाहीत. इथल्या एम्प्लॉयमेंट अ‍ॅक्टप्रमाणे वर्षाच्या 11 सार्वजनिक सुट्ट्या रोजंदारीवाल्यालाही पगारी असतात. दिवाळीला घरी बसलास तरी 60 डॉलर तुझेच.

त्या दिवशी कामावर बोलावलं, तर सुट्टीचे 60 मिळतातच, वर एका दिवसाचा मूळ पगार. म्हणजे 120. महिनेवाल्याला सुट्टीचे पैसे महिन्यात आधीच धरलेले असतात, म्हणून त्याला वेगळा एकच दिवस दिसतो. तो असा काढतात: 1,560 गुणिले 12, भागिले 52 आठवडे गुणिले 6 दिवस. उत्तर 60. तेव्हा 'त्याला एकच रोज आणि मला दोन' असं समजून कुणी खूश होऊ नये, हिशेब सारखाच आहे. पैशांऐवजी बदली सुट्टी चालते, पण ती दोघांच्या संमतीने.

रविवारचं मात्र वेगळं आहे. साप्ताहिक सुट्टीचा रोज मिळत नाही. पण सणच साप्ताहिक सुट्टीवर आला, तर पुढचा कामाचा दिवस पगारी सुट्टी होतो. 2026 साली 9 ऑगस्टचा नॅशनल डे रविवारी आहे, म्हणजे रविवारी साप्ताहिक सुट्टी असलेल्याला सोमवारचे 60 काम न करता मिळायला हवेत. हा सोमवार कुणी साधा खाडा म्हणून लावलाय का, ते बघत जा.

खाड्यावरून आठवलं. सुट्टीच्या लगेच आधीच्या किंवा नंतरच्या कामाच्या दिवशी न सांगता, सबळ कारणाशिवाय दांडी मारलीस, तर सुट्टीचा पगारही जातो. हा नियम महिनेवाल्यालाही आहे. जोडून सुट्टी हवी असेल तर आधी मंजूर करून घे.

आता महिन्याच्या नोकरीबद्दल. जादा दिवस मूळ पगारावर मोजतात, भत्त्यांवर नाही. 1,560 मध्ये मूळ पगार 1,040 आणि बाकीचे 520 भत्ते असतील, तर सुट्टीला काम केल्याचे 60 नाही, 40 च मिळतील. वर्क परमिटच्या तत्त्वतः मंजुरीच्या, म्हणजे आयपीए, पत्रात मूळ पगार आणि भत्ते वेगळे लिहिलेले असतात. विमानात बसायच्या आधी तो आकडा वाच. एजंट तोंडी फक्त बेरीज सांगतो.

आल्यावर पगाराची पे-स्लिप दर महिन्याला मागून घे. 2016 पासून ती देणं मालकाला बंधनकारक आहे, आणि सुट्टीच्या कामाचे पैसे तिच्यात वेगळे दाखवावे लागतात. ती ओळ नसेल तर आधी सुपरवायझरला विचार. तिथे दाद लागली नाही तर टीएडीएम या पगाराचे वाद सोडवणाऱ्या संस्थेकडे दावा करता येतो, पण नोकरी सोडली असशील तर सहा महिन्यांच्या आत.