‘स्कॅटर्ड शॉवर्स’ म्हणजे तुरळक पाऊस नव्हे

प्रश्न : पुढच्या आठवड्यात स्कॉटलंडमध्ये फोर्ट विल्यमला दोन दिवस आहोत. अंदाजात असं लिहिलंय : ‘ओव्हरकास्ट अ‍ॅट फर्स्ट, देन ब्राइटर विथ स्कॅटर्ड शॉवर्स, सम हेवी. गस्ट्स ऑफ ४५ एमपीएच.’ म्हणजे दिवसभर पाऊस धरून चालायचं का? आणि या शब्दांना मराठीत काय म्हणतात?

दिवसभर नाही. हे वाक्य क्रमाने वाचलं की दिवस डोळ्यांपुढे उभा राहतो. सकाळी आभाळ पूर्ण झाकलेलं. मग ते फाटणार, ऊन पडणार, आणि उन्हाच्या मधूनमधून सरी येणार, त्यातल्या काही जोरदार. अटलांटिककडून येणाऱ्या थंड हवेची आघाडी पुढे सरकून गेली की तिकडे बहुतेक वेळा असंच होतं.

‘ओव्हरकास्ट’पाशी मराठी माणूस हमखास फसतो. ‘आभाळ भरून आलंय’ असं आपण म्हणतो तेव्हा पाऊस त्यात गृहीतच असतो. इंग्रजी शब्दात तो नाही. आकाशाचे आठ भाग कल्पून त्यातले किती ढगांनी व्यापलेत ते मोजतात, आणि आठही व्यापलेले असले की ओव्हरकास्ट. पाऊस पडेल की नाही, याबद्दल शब्द गप्प आहे. पाऊस अपेक्षित असता तर ‘रेन’ असं वेगळं लिहिलं असतं. त्यामुळे मराठीत मला ‘मळभ’ सर्वांत जवळचा वाटतो. मळभ दिवसभर राहून एक थेंबही न पडणं आपल्यालाही नवीन नाही. ‘ढगाळ’ चालेल, पण त्यात फटी असू शकतात, ओव्हरकास्टमध्ये नाहीत. हा शब्द आणखी एक गोष्ट सांगत नाही : ढग किती उंचीवर आहेत. फोर्ट विल्यमशेजारचा बेन नेव्हिस १,३४५ मीटर आहे. ढग दोन हजार मीटरवर असले तर शिखर दिसेल, सहाशेवर असले तर अर्धा डोंगर गायब. दोन्ही दिवसांना अंदाजात ओव्हरकास्टच लिहिणार. डोंगरावर जाणार असाल तर गावाचा अंदाज पुरत नाही. तिथला डोंगरांसाठीचा स्वतंत्र अंदाज बघा, त्यात शिखरं ढगमुक्त असण्याची शक्यता टक्क्यांत दिलेली असते.

आता ‘शॉवर्स’. ‘रेन’ आणि ‘शॉवर’ यांत फरक जोराचा नसून ढगाच्या जातीचा आहे. आभाळभर पसरलेल्या सपाट थराच्या ढगातून पडतो तो रेन : हळूहळू सुरू होतो, तासन्‌तास चालतो, आपली रिपरिप किंवा संततधार. फुलकोबीसारख्या वर वाढत गेलेल्या एकेकट्या ढगातून पडतो तो शॉवर : अचानक येतो, अचानक थांबतो आणि लगेच ऊन. म्हणजे आपली सर. श्रावणातले शिरवे आठवा, चित्र तेच. फक्त शिरवा म्हटलं की हलका पाऊस मनात येतो, आणि शॉवर मात्र गारांसकट झोडपूही शकतो. ‘सम हेवी’ हे वेगळं लिहावं लागतं ते त्यामुळेच.

‘स्कॅटर्ड’ने सरी कुठे पडतील ते सांगितलंय, किती पडतील ते नाही. सरी विखुरलेल्या आहेत; तुमच्या गावात पडेल, पाच किलोमीटरवरच्या गावात रस्ता कोरडा. वेळेबद्दल बोलायचं असतं तेव्हा ‘ऑकेजनल’ लिहितात, म्हणजे अधूनमधून. मराठीत ‘स्कॅटर्ड’ला सर्रास ‘तुरळक’ म्हटलं जातं, पण तिथे घोटाळा होतो. आपल्या हवामान खात्याच्या भाषेत पाऊस नोंदवणारी केंद्रं २५ टक्क्यांपर्यंत असतील तर ‘तुरळक ठिकाणी’, आणि तो इंग्रजीतला ‘आयसोलेटेड’. स्कॅटर्ड त्याच्या वरची पायरी, २६ ते ५० टक्के, आणि मराठी बातमीपत्रात ती ‘काही ठिकाणी’ अशी येते. ‘विदर्भात तुरळक ठिकाणी जोरदार पाऊस’ हे वाक्य विसंगत वाटायचं असेल, तर कारण हेच : तुरळक हे विशेषण ठिकाणांचं आहे, पावसाचं नाही. अमेरिकेतही हा शब्द आकड्याशी बांधलेला आहे, तिथे स्कॅटर्ड म्हणजे पावसाची शक्यता ३० ते ५० टक्के. (विमानाच्या हवामान अहवालात स्कॅटर्ड दिसला तर तो पावसाचा नव्हेच. आठातले तीन-चार भाग ढग, एवढाच त्याचा अर्थ.)

तासागणिक अंदाजात प्रत्येक तासापुढे ४०% असं दिसेल. दिवसभरात भिजण्याची शक्यता ४० टक्के, असं त्यावरून धरू नका. तो आकडा त्या एका तासापुरता आहे. असे सहा तास बाहेर असलात तर एखादी तरी सर अंगावर येईलच असं समजून निघा. पण आली तरी ती बहुधा पंधरा-वीस मिनिटांत सरकून जाते. तेव्हा बेत रद्द करायचं कारण नाही, फक्त आडोसा कुठे आहे ते आधी हेरून ठेवायचं.

राहिला ‘गस्ट’. अंदाजात वाऱ्याचे दोन आकडे असतात. एक सरासरी, दहा मिनिटांची. दुसरा गस्ट : काही सेकंदांपुरता उसळणारा वेग. ब्रिटनमध्ये तो तीन सेकंदांच्या सरासरीवर मोजतात. तुमच्या अंदाजात ४५ मैल, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर. वारा सतत इतका वाहणार नाही. सरासरी ताशी २२ मैलांच्या आसपास असू शकेल, कारण जमिनीवर झोत सरासरीच्या दीड ते दुप्पट असणं नेहमीचं आहे. मात्र वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला की धक्का चौपट. त्यामुळे तोल जातो, गाडीचं दार हातातून सुटतं, ते या झोतात, सरासरी वाऱ्यात नव्हे. छत्री ताशी २५ ते ३१ मैलांच्या सततच्या वाऱ्यातच सांभाळणं कठीण होतं, तेव्हा ती घरीच ठेवा आणि टोपीचं जॅकेट घ्या.

आपल्याकडच्या बातम्यांत गस्टसाठी ‘सोसाट्याचा वारा’ लिहितात. मला ते पटत नाही, सोसाटा बराच वेळ चालू शकतो. ‘झोत’ बरा. झुळूक जशी क्षणाची तसा झोतही क्षणाचा, फक्त झुळूक सुखावते आणि हा ढकलतो. कोकण किनाऱ्यावरच्या मच्छीमारांना हा फरक पाठ असतो. त्यांच्या इशाऱ्यात ‘ताशी ३५ ते ४५ किलोमीटर, झोत ५५ पर्यंत’ अशा धाटणीचे दोन आकडे येतातच.

झोत आणि सर यांचं नातंही लक्षात ठेवा. जोरदार सरीतला पाऊस आपल्याबरोबर वरची थंड हवा खाली ओढतो. ती जमिनीवर आपटून पुढे पसरते. म्हणून आधी गार वाऱ्याचा झोत येतो आणि मिनिटा-दोन मिनिटांत सर. उघड्या कड्यावर असाल आणि पश्चिमेकडून काळपट पडदा सरकताना दिसला, तर खाली उतरायची वेळ हा झोत यायच्या आधीची.

एक शेवटची खबरदारी एककांची. ब्रिटिश अंदाजात वारा ताशी मैलांत असतो, तर नॉर्वेचं yr.no, जे बरेच प्रवासी वापरतात, तो सेकंदाला मीटरमध्ये देतं आणि झोताचा आकडा शेजारी कंसात. तिथे ‘१० (२०)’ असं दिसलं तर २०ला ३.६ने गुणा : ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे तुमचेच ४५ मैल.