स्प्लिट एसीचं पाणी घरात गळतंय

परभणीत आहे. एसीचं पाणी भिंतीवरून ओघळतं, बाहेरच्या पाइपातून मात्र थेंबही नाही. काय करू?

बहुतेक ड्रेन पाइप तुंबलाय. आपल्याकडची उन्हाळ्यातली धूळ ट्रेमध्ये बसून गाळ होतो. तरी आधी एसी बंद करून पुढचं झाकण उघडा, कॉइल बघा. बर्फ असेल तर खरवडू नका. दोन-तीन तास एसीचा नुसता फॅन चालवा, फिल्टर धुऊन वाळवून लावा. तरीही पुन्हा बर्फ धरला तर गॅस कमी असू शकतो. मग मेकॅनिककडून गळती शोधून घ्या, नुसता गॅस भरणं म्हणजे पैसे पाण्यात.

बर्फ नसेल तर मेन स्विच बंद करून पाइपाच्या बाहेरच्या टोकाला पाणी ओढणारा व्हॅक्यूम क्लीनर लावा. नंतर ट्रेमध्ये तांब्याभर पाणी हळूहळू ओता; ते बाहेर सरळ धारेनं यायला हवं. पाणी साठवायला टोक बादलीत सोडलं असेल (आपल्याकडं सगळेच सोडतात), तर ते बुडू देऊ नका, प्रवाह अडतो.